एका व्याख्यानाचे शब्दांकन आणि पंधरा गुणांची चाचणी: परासरणाच्या तासाचे प्रकरण

परासरणावरचा ४८ मिनिटांचा तास रेकॉर्ड झालेला आहे आणि त्याचे शब्दांकन यंत्राने आपोआप केलेले आहे. शब्द साधारण ६,०००. त्यातून लघुत्तरी प्रश्नांची १५ गुणांची चाचणी काढायची आहे. प्रत्येक प्रश्नाला नमुना उत्तर आणि गुणविभागणी हवी. उत्तरपत्रिका तपासणारी व्यक्ती त्या तासाला हजर नव्हती, त्यामुळे काय मान्य करायचे आणि काय नाही, हे सगळे कागदावरच असले पाहिजे.

अशा कामात सहसा शब्दांकन वाचता वाचता प्रश्न सुचतात, ते लिहून काढले जातात, मग उत्तरे तयार होतात आणि गुण शेवटी कसेतरी वाटले जातात. ‘चार गुणांचा प्रश्न आहे, तर चार मुद्दे काढू’ अशी ती वाटणी असते. या प्रकरणात क्रम उलटा ठेवला आहे: आधी उत्तर, मग गुण आणि सगळ्यांत शेवटी प्रश्नाची वाक्यरचना. तसे का, ते दुसऱ्या प्रश्नाच्या घडणीत नीट दिसेल.

शब्दांकन आधी तपासावे लागते

बोललेली भाषा कागदावर आली की तिच्यातले हातवारे आणि फळा गळून पडतात. या शब्दांकनात ‘ही बाजू’, ‘इकडचं’, ‘याला याने भागलं की हे आलं’ अशी वाक्ये जागोजागी आहेत. व्हिडिओ असेल तर त्या त्या मिनिटाला जाऊन फळ्यावर काय होते ते पाहून लिहून घ्यावे. व्हिडिओ नसेल, तर त्या वाक्यावर प्रश्न काढू नये. ‘याला याने’ म्हणजे काय याचा अंदाज बांधून लिहिलेले नमुना उत्तर व्याख्यात्याचे राहत नाही.

यंत्राच्या चुका दोन जातींच्या असतात. ‘परासरण’च्या जागी ‘प्रसारण’ असे आले तर ते वाचताक्षणी कळते. आकडे मात्र धोक्याचे. या शब्दांकनात १९व्या मिनिटाला लिहिले आहे, ‘रक्तपेशींना ९ टक्के मिठाचं द्रावण चालतं, काही होत नाही’. हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, म्हणून डोळ्यांखालून सहज निसटते. पण तासात पुढे व्याख्याता म्हणतो की द्रावण साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत पातळ केले की पेशी फुटायला लागतात आणि ३ टक्क्यांत त्या आक्रसतात. ३ टक्क्यांत आक्रसणारी पेशी ९ टक्क्यांत जशीच्या तशी राहणार नाही. रेकॉर्डिंग ऐकले की ‘शून्य पॉइंट नऊ’ असे स्पष्ट ऐकू येते. ‘शून्य पॉइंट’ यंत्राने खाल्ले. अशी दुरुस्ती करताना मिनिटाची नोंद समासात ठेवावी, म्हणजे नंतर कोणी विचारले तर दाखवता येते.

तिसऱ्या प्रकारची अडचण ना यंत्राची, ना कोणाच्या चुकीची, आणि या विषयात ती हमखास येते. सातव्या मिनिटाला व्याख्याता म्हणतो, ‘पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं.’ अकराव्या मिनिटाला म्हणतो, ‘पाणी कमी संहतीकडून जास्त संहतीकडे जातं.’ दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पहिल्यात संहती पाण्याची आहे, दुसऱ्यात विरघळलेल्या पदार्थाची. वर्गात बोट कुठे होते त्यावरून ते कळले असेल, कागदावर कळत नाही. विद्यार्थ्यांच्या वहीत दोन्ही वाक्ये उतरलेली असणार. म्हणून नमुना उत्तरात संहती कशाची हे प्रत्येक वेळी लिहायचे, दोन्ही मांडण्या मान्य करायच्या आणि ‘संहती’ एवढेच मोघम लिहिले तर काय करायचे ते ठरवून ठेवायचे. येथे असे ठरवले: नुसते ‘जास्त संहतीकडून कमी संहतीकडे’ लिहिले असेल आणि कशाची ते पुढच्या-मागच्या वाक्यांतूनही उमगत नसेल, तर तो गुण द्यायचा नाही. निर्णय कठोर वाटेल, पण पाणी कोणत्या दिशेने जाते हे समजलेला आणि वाक्य पाठ केलेला विद्यार्थी येथेच वेगळे होतात.

वाक्यांतून विधाने

यानंतर ६,००० शब्दांतून विधाने वेगळी काढली. विधान म्हणजे खरे-खोटे करता येईल असे एक पूर्ण वाक्य, सोबत मिनिट. हजेरी, गृहपाठ, ‘कळलं का’, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणे हे सगळे वगळले की २६ विधाने उरली. त्यांतली काही सुटी माहिती आहे (‘आसुत पाण्यात तांबडी पेशी फुटणे याला हीमोलिसिस म्हणतात’), तर काही एकमेकांना कारण-परिणामाने बांधलेली आहेत. सुट्या माहितीवर एक-दोन गुणांचा प्रश्न होतो. तीन-चार गुणांचा प्रश्न साखळीवरच उभा राहतो. चार सुटी विधाने एकत्र बांधून चार गुणांचा प्रश्न केला, तर त्याचे उत्तर म्हणजे यादी होते आणि तपासनीस फक्त खुणा मोजतो.

व्याख्यात्याने कशाला किती वेळ दिला तेही टिपून ठेवले. प्राणिपेशी आणि वनस्पतिपेशी यांच्या तुलनेला १७ मिनिटे गेली आहेत, म्हणून सर्वांत मोठा प्रश्न तिथला. युरियाच्या उल्लेखाला दीड मिनिट मिळाले आहे. त्याचा विचार पुढे येईल.

चार गुणांचा प्रश्न कसा घडला

शब्दांकनातला भाग असा आहे:

> ‘आता बघा, ही पेशी आपण टाकली डिस्टिल्ड वॉटरमध्ये. काय होणार? पाणी आत येणार. येतच राहणार. आणि तिला भिंतच नाहीये ना, तर फुग्यासारखी फुगणार आणि फुटणार. हीमोलिसिस. पण तेच कांद्याची पेशी घेतली, फुटते का? नाही फुटत. का? भिंत. भिंत परत दाबते. मग आतला दाब वाढतो, आणि एक वेळ अशी येते की जेवढं आत जातंय तेवढंच बाहेर येतंय. ठीक आहे?’

यावरून घाईत निघणारा प्रश्न असा: ‘तांबड्या रक्तपेशीवर आणि वनस्पतिपेशीवर आसुत पाण्याचा काय परिणाम होतो ते लिहा. (४)’. याचे संपूर्ण आणि बरोबर उत्तर ‘रक्तपेशी फुटते, वनस्पतिपेशी फुगते पण फुटत नाही’ एवढेच आहे. विद्यार्थ्याने विचारले तेवढे लिहिले आणि त्याला चारपैकी दोन मिळाले, तर दोष प्रश्नाचा. नमुना उत्तरात मात्र भित्तिका, दाब, समतोल हे सगळे असते, कारण ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. प्रश्नाने ते मागितलेलेच नसते.

म्हणून आधी साखळी लिहून काढली. बाहेरच्या शुद्ध पाण्याच्या तुलनेत दोन्ही पेशींच्या आत विरघळलेले पदार्थ आहेत, त्यामुळे पाणी निवडक्षम पारपटलातून आत जाते. रक्तपेशीला भित्तिका नाही आणि पटल फारसे ताणले जात नाही. वनस्पतिपेशीची भित्तिका ताणाला विरोध करते, त्यामुळे पाणी शिरेल तसा आतला दाब वाढतो. तो दाब पाण्याच्या आत येण्याला विरोध करतो आणि अखेर आत-बाहेरची ये-जा सारखी होते. या साखळीत एकमेकांपासून वेगळे तपासता येतील असे चार टप्पे आहेत. ‘वेगळे तपासता येणे’ म्हणजे एक टप्पा चुकला तरी दुसरा बरोबर असू शकतो. ‘पाणी आत जाते’ आणि ‘पेशीत पाणी वाढते’ अशी विभागणी केली असती, तर एकाच विचाराला दोन गुण मिळाले असते.

आता प्रश्न: ‘तांबडी रक्तपेशी आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी आसुत पाण्यात ठेवल्या. (अ) दोन्ही पेशींत पाणी का शिरते? (ब) रक्तपेशी फुटते, पण कांद्याची पेशी फुटत नाही. कांद्याच्या पेशीत पाणी शिरणे पुढे का थांबते हेही सांगून यामागचे कारण स्पष्ट करा. (१ + ३)’

निष्कर्ष प्रश्नातच दिला आहे, म्हणून ‘फुटते’ या शब्दाला गुण नाही. ‘हीमोलिसिस’ हे नाव मागितलेले नाही. लिहिले तर छान, गुण नाही. ‘पुढे का थांबते’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ते नसते, तर चौथ्या टप्प्याचा गुण फार थोड्यांच्या हाती लागला असता आणि ज्यांना तो मिळाला नसता त्यांची तक्रार रास्त ठरली असती.

गुणविभागणी अशी लिहिली:

| टप्पा | गुण | मान्य | अमान्य |
|---|---|---|---|
| पाणी शिरण्याचे कारण | १ | आत विद्राव्य जास्त. किंवा बाहेर पाण्याची संहती जास्त. बाहेरचे द्रावण अवपरासारी | नुसते ‘बाहेर पाणी जास्त’ |
| भित्तिकेतला फरक | १ | भित्तिका फक्त वनस्पतिपेशीला, किंवा रक्तपेशीला नाही | ‘वनस्पतिपेशीचे पटल जाड’ |
| भित्तिका काय करते | १ | ताणाला विरोध, त्यामुळे आत दाब वाढतो | ‘भित्तिका पाणी अडवते’ |
| पाणी शिरणे का थांबते | १ | दाब पाण्याला विरोध करतो. ये-जा समान होते | ‘पेशी भरते म्हणून’ |

शेवटच्या रकान्यातच तपासनिसाचा सर्वांत जास्त वेळ वाचतो. तो रकाना कल्पनेने भरण्यापेक्षा तीन-चार संभाव्य उत्तरे लिहून त्यांना गुण देऊन पाहावेत. उदाहरणार्थ: ‘बाहेर पाणी जास्त आहे म्हणून ते आत जाते. रक्तपेशीला भिंत नसते म्हणून ती फुटते. कांद्याला भिंत असते, ती पाणी आत येऊ देत नाही, म्हणून फुटत नाही.’ पहिले वाक्य अडते. भांड्यात पाण्याचे आकारमान जास्त असे म्हणायचे आहे की संहती, ते कळत नाही. आकारमानाची समजूत ही या विषयातली नेहमीची चूक आहे, त्यामुळे येथे सूट दिली तर चुकीला गुण जातो. दुसरा गुण मिळतो. ‘भिंत’ हा व्याख्यात्याचाच शब्द आहे, ‘भित्तिका’ लिहिले नाही म्हणून अडवू नये. तिसरे विधान चुकीचे आहे, कारण भित्तिका पाण्याला आणि मिठाला वाट देते. मग या चुकीमुळे दुसरा गुणही काढायचा का? नाही. चुकीचे विधान ज्या टप्प्याला छेद देते तेवढाच गुण जातो. हा नियम संपूर्ण चाचणीला एकच ठेवायचा आणि वर ठळक लिहायचा. एकूण १ गुण.

गणिताचा प्रश्न

तिसरा प्रश्न ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाची परासरणीय संहती काढण्याचा, ३ गुणांचा. शब्दांकनात या जागी ‘याला याने भागलं’ एवढेच आहे. फळ्यावरून कृती घेतली. १०० मिलिलीटरमध्ये ०.९ ग्रॅम म्हणजे लीटरमध्ये ९ ग्रॅम. ९ ला ५८.५ ने भागले की ०.१५४ मोल प्रति लीटर. सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात म्हणून दुप्पट, ०.३०८, म्हणजे ३०८ मिलिऑस्मोल प्रति लीटर.

प्रश्नात मोलर वस्तुमान दिले, ‘संपूर्ण विघटन होते असे धरा’ लिहिले आणि ‘कृती दाखवा’ लिहिले. मधली ओळ नसेल तर हुशार विद्यार्थी विचारात पडतो, कारण प्रत्यक्षात परिणाम संपूर्ण दुपटीला थोडा कमी पडतो. शेवटची ओळ नसेल तर नुसते ‘३०८’ लिहिणाऱ्याला किती द्यायचे, यावर वाद होतो.

गुण: मोल प्रति लीटर काढणे १, दोन आयनांसाठी दुप्पट करणे १, योग्य एककासह मिलिऑस्मोलमध्ये रूपांतर १. दुप्पट करायला विसरलेल्याचे उत्तर १५४ येते, त्याला २. लीटरमागे ९ ग्रॅम न काढता ०.९ लाच ५८.५ ने भागणाऱ्याचे ३०.८ येते, त्यालाही २, कारण पुढची दोन्ही पावले त्याने बरोबर टाकली आहेत. एकदा झालेली चूक पुढे वाहत गेली तर पुन्हा शिक्षा नाही. शेवटचा गुण ‘३०८ हे उत्तर’ असा लिहिला असता, तर दोघांचाही एक गुण विनाकारण गेला असता. म्हणून गुण आकड्याला न लावता पावलाला लावला.

काय घ्यायचे, काय सोडायचे

व्याख्यात्याने चित्र काढून सांगितले आहे की तीव्र मिठाच्या द्रावणात वनस्पतिपेशीतले रसद्रव्य आक्रसून भित्तिकेपासून सुटते. ‘भिंत सगळं सोडते, पडदा नाही सोडत’ असेही तो म्हणतो. सुटलेल्या जागेत काय असते हे मात्र त्याने सांगितलेले नाही. तरी त्यावर प्रश्न काढला: ‘आक्रसलेले रसद्रव्य आणि भित्तिका यांच्यामधल्या जागेत काय असेल? पेशीतून पाणी का गेले तेही सांगून कारण द्या. (३)’. बाहेरचे विद्राव्य जास्त म्हणून पाणी बाहेर जाते, १. जागेत बाहेरचेच मिठाचे द्रावण असते, १. कारण भित्तिका मीठ आणि पाणी दोन्हींना आत येऊ देते, १. तासात दिलेल्या दोन विधानांवरून तिसरे निघते, म्हणून प्रश्न न्याय्य आहे. ‘हवा’ किंवा ‘पोकळी’ लिहिणारे बरेच निघतील. त्यांना पहिला गुण मिळू शकतो.

युरियाचे उलट आहे. व्याख्याता म्हणतो, ‘युरियाचं द्रावण तेवढ्याच ताकदीचं घेतलं तरी पेशी फुटते, युरिया आत शिरतो ना, ते आपण पुढे बघू.’ यावर सुंदर प्रश्न होऊ शकतो, याचा मोह होतोच. पण युरिया आत गेल्यावर आतले विद्राव्य वाढते आणि त्यामागे पाणी येते, ही कडी तासात कुठेच नाही आणि सांगितलेल्या विधानांतून ती पहिल्यांदाच शिकणाऱ्याला सहज काढताही येत नाही. नमुना उत्तर लिहिताना अर्धे शब्दांकनातून आणि अर्धे आपल्या माहितीतून येऊ लागले, की तो प्रश्न पुढच्या तासासाठी ठेवावा. येथे तो सोडला.

उरलेले दोन प्रश्न थोडक्यात. पहिला, परासरण म्हणजे काय, २ गुण: पाण्याची दिशा १, निवडक्षम पारपटलातून १, ‘पडदा’ चालेल, पण तो विद्राव्य अडवतो असे काहीतरी आले पाहिजे. पाचवा, ३ गुण: क, ख, ग या तीन मिठाच्या द्रावणांत तांबड्या पेशी अनुक्रमे आक्रसल्या, तशाच राहिल्या, फुटल्या, संहतीचा उतरता क्रम लावा आणि ‘क’ व ‘ग’मध्ये काय झाले त्याची कारणे द्या. क्रमाला १, दोन कारणांना प्रत्येकी १. एकूण २ + ४ + ३ + ३ + ३, म्हणजे १५.

सगळे प्रश्न शेजारी ठेवल्यावर एक गळती सापडली. तिसऱ्या प्रश्नाची सुरुवात आधी ‘रक्तपेशींना समपरासारी असलेले ०.९ टक्के द्रावण’ अशी होती आणि पाचव्या प्रश्नात ‘ख हे साधारण किती टक्के असेल?’ असे विचारले होते. एका प्रश्नाने दुसऱ्याचे उत्तर दिले. पाचव्यातला तो भाग काढला. अशी गळती एकेक प्रश्न वेगळा वाचून कधीच दिसत नाही.

दोन तपासनीस, तीच उत्तरे

शेवटी सहा उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळ्या तपासायच्या, एकमेकांचे गुण न पाहता. एकूण गुणांची तुलना करू नये. एकाने येथे एक जास्त, तेथे एक कमी दिला की बेरीज जुळते आणि मतभेद झाकला जातो. टप्प्याटप्प्याची तुलना करावी. दुसऱ्या प्रश्नाच्या चौथ्या टप्प्यावर असा मतभेद होणे अगदी शक्य आहे: विद्यार्थी लिहितो, ‘दाबामुळे पाणी आत येणे थांबते.’ काटेकोर तपासनीस म्हणेल, पाण्याचे रेणू ये-जा करतच असतात, थांबते ती निव्वळ वाढ. पण प्रश्नातच ‘पाणी शिरणे पुढे का थांबते’ असे शब्द आहेत आणि गुण दाबाच्या कारणाला आहे. म्हणून ‘थांबते’ मान्य, ‘दाबामुळे’ हे मात्र आवश्यक, असे तक्त्याखाली एका ओळीत लिहिले.